दूध नासलं, पण कुणाचं?

डिसेंबरातली पहाट, फोंड्याकडे धुकं. सायकलला दुधाचा कॅन अडकवून मुलगा दारात आला, तर काकी टोप घेऊन उभ्या. "बाबू, आज तिसऱ्यांदा नासलं रे! तापवलं की फाटतं."

मुलगा गोंधळला. शेजारी त्याच कॅनमधलं दूध नीट तापत होतं. त्याने टोप वास घेऊन पाहिला. आंबूस. काठाच्या दुमडीत बोट फिरवलं तर पिवळट चिकट थर लागला.

"काकी, दोष इथं आहे. कालचं उरलेलं दूध यातच असतं ना?" असायचं, आणि त्यावरच ताजं ओतलं जायचं. जुन्या दुधातले जंतू आंबटपणा वाढवतात. थंडीत तो हळू वाढतो, म्हणून ताजं ओतलेल्या दुधाला वास जाणवत नाही; तापवलं की मात्र लगेच फाटतं.

काकींनी टोप काथ्याने काठासकट घासला, उकळतं पाणी ओतलं आणि उन्हात उपडा घातला. दुसऱ्या दिवशी मुलानं आधी स्वच्छ वाटीत दोन चमचे दूध उकळून दाखवलं. गुठळी नाही. वाटीतलंच फाटलं असतं, तर चूक त्याच्या कॅनची किंवा गोठ्याची ठरली असती.