बातमी मोठ्याने वाचताना थांबायचं कुठे?

बातमी वाचताना दम लागला की आपण छातीला दोष देतो. बहुतेक वेळा चूक असते ती थांबण्याच्या जागेची. मराठी वाक्यात क्रियापद अगदी शेवटी येतं, त्यामुळे ऐकणारा तोवर सगळे तुकडे मनात धरून ठेवतो. ते त्याच्या हाती नीट बांधून द्यायचे असतात. हा एक परिच्छेद घेऊ:

«गेल्या दोन दिवसांपासून पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे धरणाचा पाणीसाठा 92 टक्क्यांवर पोहोचला असून, आज सकाळी सहा वाजल्यापासून चार दरवाजांतून 8 हजार 500 क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी पात्रात उतरू नये, तसेच जनावरे सुरक्षित ठिकाणी हलवावीत, असे आवाहन प्रशासनाने केले आहे.»

आधी तो मनात वाचा आणि क्रियापदांखाली रेघ मारा: पोहोचला असून, सोडण्यात येत आहे, उतरू नये, हलवावीत, केले आहे. ही वाक्याची मोठी वळणं. श्वास घ्यायच्या जागा बहुतेक इथेच, क्रियापद संपल्यावर सापडतात. मात्र संयुक्त क्रियापद फोडायचं नाही. ‘पोहोचला’वर थांबून ‘असून’ पुढच्या दमात घेतलं, की वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि ‘असून’ अधांतरी लोंबकळतं.

आता छोटे थांबे. इथे मी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारतो: तू कोणाकडे बघतोयस, क्रियापदाकडे की पुढच्या नामाकडे? ‘पावसामुळे’ क्रियापदाकडे बघतो: पावसामुळे काय झालं? साठा पोहोचला. त्याच्यानंतर थांबता येतं. ‘असलेल्या’ मात्र ‘पावसा’कडे बघतो आणि ‘धरणाचा’ ‘पाणीसाठ्या’कडे. अशा शब्दांनंतर थांबलात तर विशेषण एका बाजूला आणि त्याचं नाम दुसऱ्या बाजूला राहतं. चा-ची-चे आणि ‘-लेल्या’ दिसलं की पुढचं नाम येईपर्यंत चालत राहायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

मग पेन्सिलीने खुणा करा. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, श्वासाला दोन:

गेल्या दोन दिवसांपासून पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे / धरणाचा पाणीसाठा 92 टक्क्यांवर पोहोचला असून // आज सकाळी सहा वाजल्यापासून / चार दरवाजांतून / 8 हजार 500 क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे //

पहिला तुकडा लांब आहे खरा. ‘दिवसांपासून’ इथे मुख्य क्रियापदाचा नाही, ‘सुरू असलेल्या’चा आहे, म्हणून तो शक्यतो एका दमात न्यावा. नाहीच झेपलं तर ‘दिवसांपासून’नंतर किंचित अडखळा चालेल, पण आवाज खाली न टाकता. आकडा आणि त्याचं एकक यांच्यामध्ये मात्र कधीच थांबू नका. ‘8 हजार’ म्हणून थांबलात की ऐकणारा तेवढाच आकडा पक्का करून मोकळा होतो.

एका रेघेवर श्वास घ्यायचा नाही, तिथे फक्त क्षणभर आवाज थांबतो. दोन रेघांवर तोंड किंचित उघडून आवाज न करता हवा आत घ्यायची. ती पूर्ण संपायच्या आधी घ्यावी लागते, नाहीतर शेवटचं ‘येत आहे’ गिळलं जातं. माइकसमोर छाती भरून जोरात ओढलेला श्वास शब्दांपेक्षा ठळक ऐकू येतो.

दुसऱ्या वाक्यात वेगळाच सापळा आहे. ‘हलवावीत’वर आवाज खाली उतरवला तर ती वाचणाऱ्याचीच आज्ञा वाटते. मी एकदा सभेत असंच वाचलं आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, “हे तुम्ही सांगताय की सरकार?” तिथे स्वर वरच ठेवा आणि क्षणभर थांबून ‘असे आवाहन प्रशासनाने केले आहे’ सलग म्हणा. उतरता स्वर फक्त ‘आहे’साठी. ‘तसेच’च्या आधी थांबा, नंतर नाही. जोडणारा शब्द नेहमी पुढच्या तुकड्याबरोबर जातो. ‘की’ तेवढा अपवाद: ‘सांगितले की’ एकत्र म्हणून मग थांबायचं.

स्वल्पविरामावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो डोळ्यांसाठी छापलेला असतो. ‘पावसामुळे’नंतर तो नाही, तरी आपण थांबलो.

काही वाक्यं थांब्यानेही सुटत नाहीत. ‘जखमी चालकाच्या भावाने तक्रार दिली’ यात जखमी कोण? चालक असेल तर ‘जखमी चालकाच्या’ घट्ट जोडून म्हणा. भाऊ जखमी असेल तर थांबे शोधत बसू नका, ‘चालकाच्या जखमी भावाने’ असं वाक्यच बदलून घ्या.

शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा कोणाला तरी एकदाच ऐकवा. मग विचारा: पाणी कधीपासून सोडतायत, आणि किती दरवाजांतून? एखादं उत्तर चुकलं, तर त्या शब्दाच्या आसपासच्या रेघा खोडून पुन्हा मारा.