एचटीचा शिक्का असूनही माल अडतो कुठे? निर्यातीच्या लाकडी पॅकिंगमधल्या या चुका टाळा

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतून परदेशी निघालेल्या मशीनची तपासणी चार-चार वेळा होते. निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षाचा एकेक घड डोळ्यांखालून जातो. ज्या पॅलेटवर हा माल बसतो, तिच्या लाकडाकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. तिकडच्या बंदरावर उलटं असतं. तिथला प्लांट क्वारंटाइनचा माणूस तुमचं मशीन बघायला आलेलाच नसतो, तो लाकूड बघायला आलेला असतो.

त्याला भीती कशाची आहे, हे नीट समजून घेतलं की नियमातली प्रत्येक अट आपोआप पटते. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपलची झाडं आतून पोखरलेली सापडली. आशियातला लांब शिंगांचा भुंगा लाकडी पॅकिंगमधून तिथे पोचला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्याची अळी खोडाच्या आत खोलवर बोगदे करते, त्यामुळे बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. शेवटी हजारो झाडं तोडून जाळावी लागली. अशा अनुभवांतून २००२ मध्ये आयएसपीएम १५ हे लाकडी पॅकिंगचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: लाकडाच्या अगदी मध्यभागी ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग किमान ३० मिनिटं टिकलं पाहिजे. मध्यभागी म्हणायचं कारण हेच, की अळी तिथे असते. बंद चेंबरमध्ये गरम हवेने लाकूड असं तापवण्यालाच एचटी, म्हणजे हीट ट्रीटमेंट म्हणतात.

चेंबरची हवा तापली म्हणजे लाकूड तापलं, हा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते आणि ती बाहेरून दिसत नाही. समजा, पॅलेटच्या २० मिमी जाडीच्या फळ्या आणि ९० मिमीचे ओले ठोकळे एकाच चेंबरमध्ये भरले. सकाळी दहाला बर्नर सुरू केला, साडेअकराला हवा ७० अंशांवर गेली. बाराच्या सुमारास फळीच्या मध्यात ५६ अंश येतील. ठोकळा अजून पुष्कळ मागे असतो, त्याच्या मध्यात तेवढं तापमान यायला दीड-पावणेदोन वाजू शकतात. तीस मिनिटं मोजायची ती तिथून. साडेबाराला दार उघडलं तर फळ्या झाल्या आणि ठोकळे राहिले. शिक्का मात्र सगळ्यांवर सारखाच बसतो. ही वेळ लाकडाची जात, ओल आणि चेंबरचा पंखा यांप्रमाणे बदलते, म्हणून ती अंदाजाने धरायची नसते, प्रोबने, म्हणजे लाकडात खुपसायच्या तापमापकाने मोजायची असते.

प्रोब कुठे बसवला, यावर सगळं अवलंबून आहे. जाडात जाड, ओल्यात ओला तुकडा निवडायचा, त्याच्या मध्यापर्यंत भोक पाडायचं, प्रोब आत सारायचा आणि भोकाचं तोंड नीट बुजवायचं. ते उघडं राहिलं तर गरम हवा आत शिरते आणि प्रोब हवेचंच तापमान दाखवतो. शेजारी खिळा असला तरी लोखंडातून उष्णता आत जाते आणि आकडा फसवतो. चट्टा लावताना थरांमध्ये पट्ट्या घालून हवेला वाट ठेवायची आणि हवा जिथे कमी पोचते, त्या थंड कोपऱ्यात प्रोब बसवायचा. एक प्रोब बिघडला तर कळावं म्हणून किमान दोन हवेत.

तुम्ही निर्यातदार असाल तर चेंबरवाल्याकडून तुमच्या बॅचचा ग्राफ मागा. नुसत्या प्रमाणपत्रावर थांबू नका. ग्राफमध्ये हवेची रेघ आणि लाकडाची रेघ वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. हवेची आधी चढते, लाकडाची संथपणे मागून येते. दोन्ही रेघा हातात हात घालून चढत असतील तर प्रोब लाकडाच्या पोटात नव्हताच, असं खुशाल समजा. दुसरं बघायचं ते मधली घसरण. बर्नर चालू असताना वीज गेली, पंखे थांबले, लाकूड ५६ च्या खाली उतरलं, तर आधीची वीस मिनिटं गेली. पुन्हा ५६ आल्यावर मोजणी शून्यापासून करायची. वीस आणि दहा मिळून तीस होत नाहीत, कारण मानकात ‘सलग’ हा शब्द आहे.

कंटेनरमध्ये गोळ्या टाकल्या की झालं?

धान्य साठवणारे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात, म्हणून काही जण कंटेनरमध्येही त्याच गोळ्या टाकून निर्धास्त होतात. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू आयएसपीएम १५ मध्ये मान्य प्रक्रिया म्हणून धरलेला नाही. मिथाइल ब्रोमाइड हा धुरीचा वायू मान्य आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत: २० सेंमीपेक्षा जाड लाकडाला तो चालत नाही आणि साल आधी काढावीच लागते. धुरीचं प्रमाणपत्र कागदपत्रांत जोडलं म्हणजे लाकडावर शिक्का नसला तरी चालेल, हाही गैरसमजच. तपासणारा लाकडावरचा शिक्का वाचतो. शिक्का नसलेली फळी त्याच्या लेखी प्रक्रिया न झालेलीच असते, मग फाइलमध्ये काहीही असो.

प्लायवुडचं खोकं असेल तर सूट आहे, हे खरं. प्लाय गोंद, उष्णता आणि दाब वापरून बनतं, त्यामुळे त्यात कीड उरत नाही. ६ मिमी किंवा त्याहून पातळ लाकूडही नियमाबाहेर आहे. पण प्लायच्या खोक्याखाली फोर्कलिफ्टसाठी जे रनर ठोकतो, ते साध्या लाकडाचे असतात. त्यांना सूट नाही.

शिक्का कोणी मारला आणि कुठे

शिक्क्यात चार गोष्टी असतात: गव्हाच्या ओंबीसारखं आयपीपीसीचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचं चिन्ह, देशाची अक्षरं म्हणजे आपल्यासाठी ‘आयएन’, प्रक्रिया केंद्राचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण ‘एचटी’. भोवती चौकट, आणि चिन्ह व अक्षरं यांच्यामध्ये उभी रेघ. आपल्याकडे गरम हवेच्या चेंबरची तपासणी होऊन त्यांना मान्यता मिळते ती केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडून, एनएसपीएम ९ या मानकाप्रमाणे. शिक्का मारण्याचा अधिकार त्या मान्यताप्राप्त केंद्रालाच आहे. वखारवाला ‘शिक्का आपल्याकडे आहे, मारून देतो’ म्हणाला, तर त्या वखारीतून लाकूड उचलू नका. क्रमांकावरून केंद्र शोधता येतं, आणि त्या केंद्राच्या नोंदवहीत तुमची बॅच सापडली नाही तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

मार्करने हाताने काढलेला शिक्का चालत नाही. लाल आणि नारिंगी रंग टाळायचे, कारण ते धोकादायक मालाच्या खुणांसाठी वापरले जातात. चौकटीत कंपनीचं नाव किंवा लॉट नंबर घुसवायचा नाही. ओल्या लाकडावर शाई पसरून क्रमांक वाचता येत नसेल तर शिक्का नसल्यासारखाच. आणि समोरासमोरच्या दोन बाजूंवर शिक्का दिसेल अशी काळजी घ्या. क्रेटवर शिपिंग मार्कचा मोठा कागद चिकटवताना नेमका शिक्का झाकला जातो, हे मी फार वेळा पाहिलंय.

लोडिंगच्या दिवशी हाताला लागलेलं लाकूड

ओळखीच्या एका कारखान्याची गोष्ट सांगतो. यंत्र साधारण दोन टनांचं, क्रेट मान्यताप्राप्त ठिकाणचा, शिक्का दोन्ही बाजूंना स्वच्छ, ग्राफ फाइलला लावलेला. कंटेनर संध्याकाळी उशिरा आला. न्हावा शेव्याला गेट बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, त्यामुळे सगळे घाईत. क्रेट आत गेल्यावर दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. कसारा घाटात क्रेट सरकेल म्हणून लोडिंगच्या पोरांनी मागच्या आवारात पडलेले बाभळीचे चार तुकडे आणले, पाचर मारून जमिनीला ठोकले आणि दार सील झालं. त्यांनी काम मनापासून केलं होतं. ते लाकूड कुठलं, हे बघायचं काम मात्र कोणाकडेच दिलेलं नव्हतं.

अमेरिकेत कंटेनर उघडल्यावर त्या तुकड्यांवर साल होती, शिक्का नव्हता, आणि खाली ताज्या भुशाची बारीक रास होती. भुसा ताजा असणं म्हणजे आत कोणीतरी जिवंत आहे. क्रेट निर्दोष असूनही त्याचा उपयोग झाला नाही, कारण डनेज, म्हणजे माल अडवायला लावलेलं लाकूडसुद्धा, त्याच नियमात येतं. नियम मोडलेलं लाकूड तिथेच गरम करून सोडून द्या, असं अमेरिकेत होत नाही, ते देशाबाहेर पाठवावं लागतं. लाकूड मालापासून वेगळं करायची परवानगी मिळाली तरच माल सुटतो, नाही तर सगळंच परत. शिवाय नोव्हेंबर २०१७ पासून तिथे पहिल्याच उल्लंघनाला दंड होऊ शकतो. बंदरातलं कंटेनरभाडं, वेगळं करण्याची मजुरी आणि ग्राहकाची ठप्प झालेली लाइन, या सगळ्याचा हिशेब चार पाचरींपायी नाशिकला आला.

सालीबद्दल थोडं, कारण यावर वाद होतात. साल अगदी शून्य हवी असं मानक म्हणत नाही. ३ सेंमीपेक्षा अरुंद पट्टी कितीही लांब असली तरी चालते. त्याहून रुंद तुकडा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंमीच्या आत हवं. तरीही मी साल पूर्ण तासूनच घ्यायला सांगतो. सालीखाली प्रक्रियेनंतरही नवे किडे येऊन बसू शकतात, आणि तपासनीसाची नजर आधी सालीवरच जाते. बुरशीचे डाग ही वेगळी गोष्ट. एचटी केलेलं लाकूड कोरडंच असतं असं नाही, त्यामुळे बंद कंटेनरमध्ये त्यावर बुरशी येऊ शकते. ती टाळायची तर एचटीनंतर लाकूड वाळवून घ्यावं लागतं, ते काम वेगळं आणि त्याचा खर्चही वेगळा.

दुरुस्त केलेल्या पॅलेटचंही असंच. एक फळी तुटली म्हणून वखारीतली साधी फळी ठोकली की जुना शिक्का खोटा ठरतो. बदललेला भाग एक तृतीयांशाच्या आत असेल तर प्रक्रिया केलेलंच लाकूड वापरायचं आणि नव्या तुकड्यावर त्याचा शिक्का हवा. त्याहून जास्त बदललं तर जुने शिक्के कायमचे खोडून, पूर्ण पॅलेटला पुन्हा एचटी करून नवा शिक्का घ्यायचा.

लोडिंगच्या जागेवर एचटी केलेल्या पट्ट्यांचा वेगळा साठा ठेवा, साध्या लाकडापासून लांब आणि कुलपात. मागवतानाच सांगा की शिक्का पट्टीच्या पूर्ण लांबीवर थोड्या-थोड्या अंतराने मारून द्या. पाचरीसाठी करवतीने तुकडा कापल्यावर त्यावर एक तरी अख्खा शिक्का उरला पाहिजे. चिन्ह एका तुकड्यावर आणि क्रमांक दुसऱ्यावर गेला असेल, तर ते दोन्ही तुकडे कंटेनरमध्ये जाऊ देऊ नका.