भागीदारीत नवा माणूस घेताना गुडविल कोणाच्या खात्यात टाकायचं?

नवा भागीदार आला की त्याने आणलेलं गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकातल्या वाट्यापोटी दिलेले पैसे, जुन्यांनी नफावाटपाच्या जुन्या प्रमाणात वाटून घ्यावं, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो कधी बरोबर निघतो, कधी सपशेल चुकतो. चुकला तरी ताळेबंद जुळतोच, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे एखाद्या भागीदाराचा हिशोब चुकता करायची वेळ आली की मग भांडणं लागतात.

एक उदाहरण घेऊ. दोन भाऊ हार्डवेअरचं दुकान चालवतात. नफ्यात थोरल्याचा वाटा ६० टक्के, धाकट्याचा ४०. खात्यावर थोरल्याचं भांडवल १६ लाख, धाकट्याचं १० लाख आणि सामान्य राखीव निधी दीड लाख. आता २० टक्क्यांवर भाचा येतोय. नवं प्रमाण ठरलंय थोरला ४०, धाकटा ४०, भाचा २०.

सगळ्या जुन्या भागीदारांची संमती लागते; भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चं कलम ३१ तेच सांगतं. ती लेखी घ्या. प्रवेशाची तारीख शक्यतो १ एप्रिल ठेवा. वर्षाच्या मध्ये घेतलंत तर त्या दिवसापर्यंतचा नफा वेगळा काढून जुन्या प्रमाणात वाटावा लागतो, आणि हे काम कोणालाच आवडत नाही.

आता पुनर्मूल्यांकन. दुकानाचा गाळा खात्यावर १२ लाखांना आहे, आजची किंमत साडेपंधरा लाख. म्हणजे साडेतीन लाखांची वाढ. न खपणाऱ्या जुन्या मालाचे ६० हजार कमी करायचे आणि बुडीत दिसणाऱ्या उधारीसाठी ४० हजारांची तरतूद करायची. या नोंदी पुनर्मूल्यांकन खात्यातून गेल्या की अडीच लाख नफा उरतो. गाळ्याची किंमत वाढली तेव्हा भाचा धंद्यात नव्हता, म्हणून हा नफा जुन्या प्रमाणातच जातो : थोरल्याला दीड लाख, धाकट्याला एक लाख. राखीव निधीही तसाच, ९० हजार आणि ६० हजार. थोरल्याचं भांडवल झालं १८,४०,०००, धाकट्याचं ११,६०,०००, मिळून ३० लाख. आधीच्या कोणत्या व्यवहाराचं गुडविल खात्यावर पडून असेल तर तेही इथेच जुन्या प्रमाणात खोडून टाका.

गाळ्याची किंमत वाढवताना हात आखडू नका, पण फुगवूही नका. वाढवलेल्या रकमेवर आयकरात घसारा मिळत नाही, हे दोघा भावांना आधीच सांगून ठेवा.

इथपर्यंत सोपं होतं. आता गुडविल.

आधी किंमत. मागच्या तीन वर्षांचा नफा ५,४०,०००, ६,३०,००० आणि ६,९०,०००. सरळ सरासरी काढायला बसू नका. शेवटच्या वर्षी जुना टेंपो विकून ६० हजारांचा फायदा झाला होता, तो दरवर्षी थोडाच होणार? तो वजा केला की सरासरी सहा लाख येते. भाऊ दुकानात राबतात त्याचा बाजारभावाने पगार या आकड्यांतून आधीच वजा झालेला आहे. तुमच्याकडे झाला नसेल तर आधी करा. नाहीतर घामाची किंमत गुडविल म्हणून विकली जाते. गुंतलेल्या ३० लाखांवर १२ टक्क्यांनी ३,६०,००० तर असेही मिळायला हवेत. वरचे २,४०,००० हा जादा नफा. अडीच वर्षांच्या जादा नफ्याइतकं गुडविल धरायचं ठरलं, म्हणजे सहा लाख. अडीचच का, दोन का नाही, याला शास्त्र नाही. ती दोन्ही बाजूंची घासाघीस आहे आणि ती डीडमध्ये लिहून ठेवायची असते.

हे सहा लाख संपूर्ण धंद्याचं गुडविल. भाच्याने द्यायचे ते २० टक्के, म्हणजे १,२०,०००.

आणि हे १,२०,००० कोणाचे? बहुतेक जण इथे ७२ हजार आणि ४८ हजार असं लिहून मोकळे होतात. थांबा. भाच्याला मिळालेला वाटा कोणी सोडला ते बघा. थोरला ६० वरून ४० वर आला, त्याने २० टक्के सोडले. धाकटा ४० वर होता, ४० वरच आहे. त्याने काहीच सोडलं नाही. मग त्याला ४८ हजार कशाचे? सगळे १,२०,००० थोरल्याचे. गुडविल ही पुढच्या नफ्यातला वाटा सोडल्याची भरपाई आहे. ती त्यागाच्या प्रमाणात जाते, जुन्या प्रमाणात नाही. भाचा आणि जुने भागीदार यांच्यात फक्त २० आणि ८० असं ठरलं असतं आणि उरलेले ८० टक्के भावांनी आधीच्याच ६०:४० ने वाटून घेतले असते, तर दोन्ही प्रमाणं एकच आली असती. तो सल्ला जन्मला तो या योगायोगातून.

मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते याच्या पुढच्या पायरीने. समजा नवं प्रमाण ३५, ४५, २० ठरलं. थोरल्याने २५ टक्के सोडले, पण त्यातले २० भाच्याकडे गेले आणि ५ धाकट्याकडे. म्हणजे धाकटा जुना असूनही घेणाराच आहे आणि त्यालाही पैसे मोजावे लागतात : सहा लाखांचे ५ टक्के, ३० हजार. थोरल्याच्या खात्यात १,५०,००० जमा, त्यातले १,२०,००० भाच्याकडून आणि ३० हजार धाकट्याच्या भांडवल खात्याला नावे टाकून. धाकट्याला हे पटवणं हिशोबापेक्षा अवघड असतं. तरीही करा. जुना वाटा वजा नवा वाटा ही वजाबाकी प्रत्येकासाठी कागदावर मांडा. उत्तर उणे आलं की तो भागीदार देणेकरी.

भाच्याकडे गुडविलची रोकड नसेल तर त्याच्या चालू खात्याला १,२०,००० नावे आणि थोरल्याच्या भांडवलात जमा. भांडवल खात्याला नावे टाकू नका, कारण तसं केलं की त्याने भरायचं ठरलेलं भांडवल लगेच कमी दिसतं. गुडविल नावाची मालमत्ता ताळेबंदात उभी करून ठेवणं तर नकोच. हिशोब मानक २६ नुसार स्वतः कमावलेलं गुडविल मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही.

भाच्याचं भांडवल शेवटी काढा. मूळ ठरावाप्रमाणे, म्हणजे ४०:४०:२० ने, थोरल्याचे १९,६०,००० आणि धाकट्याचे ११,६०,००० मिळून ३१,२०,००० झाले. हे ८० टक्क्यांचं भांडवल, म्हणून पूर्ण ३९ लाख आणि भाच्याचे ७,८०,०००. जुन्या पुस्तकी २६ लाखांवरून काढलं तर साडेसहा लाखच येतात. ताळेबंद तेव्हाही जुळतो.

मग नवं डीड, निबंधकाकडे बदलाची नोंद, बँक आणि जीएसटीत दुरुस्ती. थोरला खात्यावर जमा झालेले पैसे लगेच उचलू म्हणाला तर थांबवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर भागीदारीच्या पुनर्रचनेत भागीदाराने घेतलेल्या रकमेवर फर्मला भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, आणि तो हिशोब करताना पुनर्मूल्यांकन किंवा स्वतः कमावलेल्या गुडविलमुळे वाढलेली शिल्लक धरली जात नाही. सीएला विचारल्याशिवाय चेक फाडू देऊ नका.