नवी वेबसाईट सुरू करताय? जुन्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं त्याची तयारी

नवी साईट झाली की मालकाला पहिलं सुचतं ते "आमचा नवा लूक बघा" असं सगळ्यांना कळवायचं. गिऱ्हाइकाला लूकचं काय पडलेलं नसतं हो. त्याला विचारायचं असतं माझं खातं कुठं गेलं, मागच्या दिवाळीला घेतलेल्या चपलेचं बिल कुठं आहे, आणि हा साईज आता वेगळा का दाखवायलाय. म्हणून ही तयारीची यादी डिझाईनची नाही, जुन्या गिऱ्हाइकाची आहे. उदाहरणाला चप्पल लाईनमधलं एक दुकान धरू, जुनी साईट वर्डप्रेसवर वूकॉमर्सची, नवी शॉपिफायवर, डोमेन तेच.

आधी वेळ ठरवा. कोल्हापुरी चामड्याचं आणि पावसाचं जमत नाही, त्यामुळं जुलैमध्ये ऑर्डरी तशाही मंद असतात, बदलायचं तर तेव्हाच बदला. नवरात्राच्या तोंडावर हात घालाल तर अंबाबाईच्या गर्दीत दुकान सांभाळायचं का फोनवर लॉगिन शिकवायचं हेच कळणार नाही.

मग जुन्या साईटवर स्वतः गिऱ्हाईक होऊन बसा आणि गिऱ्हाईक काय काय करतंय ते कागदावर उतरवून काढा, म्हणजे लॉगिन, जुनी ऑर्डर बघणं, साईज निवडणं, व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडणं, व्हाउचर वापरणं. यातल्या प्रत्येक गोष्टीपुढं "तसंच राहणार", "बदलणार" किंवा "मिळणार नाही" असं लिहा. तुमच्या घोषणेचा मजकूर याच कागदातून येणार आहे, आणि सगळ्यात आधी "मिळणार नाही"वाल्या ओळी घ्यायच्या, कारण फोन त्यांचेच येणारेत.

लॉगिनचं जरा नीट समजून घ्या. जुन्या साईटवर पासवर्ड जसाच्या तसा ठेवलेला नसतो, त्याचं उलगडता न येणारं रूप ठेवलेलं असतं, त्यामुळं नाव, ईमेल, पत्ता नव्या साईटवर नेता येतो पण पासवर्ड नेता येत नाही. शॉपिफायच्या नव्या पद्धतीच्या खात्यात पासवर्डच नसतो, ईमेल टाकला की त्यावर सहा आकडी कोड येतो. गिऱ्हाइकाला हे उलट सोपंच पडतं, पण एक मेख आहे, सगळं ईमेलवर अडकतं. फोनवरून ऑर्डर घेताना दुकानातल्या पोरानं ईमेलच्या जागी दुकानाचाच ईमेल टाकलेला असतो, हे भरपूर ठिकाणी चालतं. म्हणून गिऱ्हाइकांची यादी शीटमध्ये काढा, ईमेलच्या रकान्यावर सॉर्ट मारा, एकच पत्ता खाली खाली परत यायला लागला की समजायचं ही माणसं नव्या साईटवर लॉगिन करू शकणार नाहीत, त्यांना बदलाच्या आधीच फोन करून खरा ईमेल घ्या.

जुन्या ऑर्डरी आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळं ॲप किंवा डेव्हलपर लागतो. छोट्या दुकानाला तो खर्च करायची गरज नाही असं माझं मत, पण मग ते स्पष्ट सांगा, की अमुक तारखेआधीची ऑर्डर खात्यात दिसणार नाही, बिल पाहिजे तर ऑर्डर नंबर व्हॉट्सॲप करा. आणि जुनी साईट बंद करण्याआधी सगळी बिलं उतरवून दोन ठिकाणी ठेवा, जीएसटीच्या नियमात रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावं लागतंय. शिल्लक व्हाउचरची पण यादी काढा आणि नव्या साईटवर नवे कोड बनवून ज्याचे त्याला पाठवा.

आता लिंका. वूकॉमर्सवर मालाचा पत्ता `/product/`नं सुरू होतो, शॉपिफायवर `/products/`नं. एका अक्षराचा फरक, पण गिऱ्हाइकानं बहिणीला पाठवलेली लिंक, गूगलवरचा निकाल आणि तुमच्या खोक्यावर छापलेला क्यूआर कोड, सगळं मेलं. म्हणून जुन्या पत्त्यांची यादी गूगलच्या सर्च कन्सोलमधून आणि साईटवरच्या पानांची यादी असते त्या साईटमॅपमधून काढा, आणि जुना पत्ता उघडला की नव्यावर नेणाऱ्या रिडायरेक्टची फाईल बनवा, अशी:

```
Redirect from,Redirect to
/product/kapashi-gents,/products/kapashi-gents
/my-account,/account
```

कंटाळा करून सगळ्या जुन्या लिंका होम पेजवर नेऊन सोडू नका, कापशी चप्पल बघायला आलेल्या माणसाला दारात सोडून काय उपयोग, आणि गूगल पण त्याला पान नसल्यासारखंच धरतंय. माल बंद झाला असंल तर जवळच्या प्रकारावर न्या. हे रिडायरेक्ट निदान वर्षभर काढायचे नाहीत. क्यूआरचं म्हणाल तर छापलेला खोका मोबाईलनं स्वतः स्कॅन करून बघा, नुसतं शीटमध्ये बघून चालत नाही.

साईजवर मात्र थांबा, चपलेत खरा गोंधळ इथंच. समजा जुन्या साईटवर यूके नंबर होता आणि नव्या थीममध्ये युरोपचा आला. ८ घालणाऱ्याला आता साधारण ४२ घ्यायचाय, पण त्याला ८ दिसला नाही की तो एकतर अंदाजानं घेणार नाहीतर घेणारच नाही. अंदाजानं घेतलेली परत येणार, आणि पार्सलचा भुर्दंड तुमच्यावर. म्हणून निवडायच्या जागी "४२ (जुना ८)" असं दोन्ही लिहा आणि घोषणेत साईजला स्वतंत्र ओळ द्या.

बदलाच्या आदल्या दिवशी डोमेनचा टीटीएल, म्हणजे डोमेनची जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदावर आणून ठेवा, म्हणजे डोमेन नव्या साईटकडं वळवल्याचं लवकर पसरतं. तरी काही जणांना थोडा वेळ जुनीच साईट दिसणार, तिथं ऑर्डर घेणं बंद करून "नवी साईट सुरू होतेय" एवढीच पाटी ठेवा आणि जुन्या साईटचा डॅशबोर्ड पुढचे दोन दिवस रोज उघडून एखादी ऑर्डर अडकली नाही ना बघा. नव्या साईटकडून जाणाऱ्या ईमेलसाठी डोमेनमध्ये डीकेआयएमच्या, म्हणजे ईमेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या, नोंदी आधीच घाला, नाहीतर तो लॉगिनचा कोडच स्पॅममध्ये जाऊन बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतंय कोड येईना.

राहिली घोषणा. "तुमचं खातं अपडेट करा, इथं क्लिक करा" असा मेसेज आला की आता शहाणा माणूस तो फ्रॉड समजून डिलीट करतोय, आणि बरोबरच करतोय. म्हणून लॉगिनची लिंक देऊच नका, पत्ता स्वतः टाइप करा म्हणून सांगा. एक आठवडा आधी एक मेसेज, बदलाच्या दिवशी एक, बस्स. मी असा लिहीन:

"नमस्कार, सोमवारपासून आमची वेबसाईट बदलतेय, पत्ता तोच आहे. जुना पासवर्ड चालणार नाही, ईमेल टाकला की सहा आकडी कोड येईल, तो कुणालाही सांगू नका, आम्हीही कधी विचारणार नाही. जुन्या ऑर्डरी नव्या खात्यात दिसणार नाहीत, बिल हवं असेल तर ऑर्डर नंबर व्हॉट्सॲप करा. साईज आता युरोपच्या नंबरात आहे, शेजारी तुमचा जुना नंबर लिहिलाय. तुमचा पत्ता आमच्याकडं तसाच आहे. अडचण आली तर दुकानाच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा."

हा मेसेज पाठवायच्या आधी फोन उचलणाऱ्या पोराला वाचायला द्या, त्याच्याकडून दोन-चार गिऱ्हाइकांचं लॉगिन त्यांच्याच मोबाईलवर करून घ्या, आणि जिथं तो अडखळला ती ओळ बदला.