दोन मिनिटांच्या जनजागृती व्हिडिओची संहिता शेवटाकडून लिहिताना

जनजागृतीच्या व्हिडिओची संहिता मी शेवटच्या वाक्यापासून लिहायला घेतो, कारण प्रेक्षकाने नेमके काय करायचे हे ठरल्याशिवाय सुरुवात कोठून करायची आणि वळण कोठे घ्यायचे, हे ठरवताच येत नाही. भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा विषय घेऊ. ‘भाजल्यास योग्य ती काळजी घ्या’ ही कृती नव्हे. ‘भाजलेला भाग लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा’ ही कृती आहे.

हे वाक्य हाती आले की सुरुवातीला काय नको, ते कळते. बोधचिन्ह, प्रस्तावना, विषयाची व्याप्ती हे सारे गाळून पहिल्या १५ सेकंदांत हातावर सांडलेले उकळते पाणी आणि टूथपेस्टच्या ट्यूबकडे वळलेला दुसरा हात एवढेच दाखवावे. मोबाइलवर पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे हा प्रसंग निवेदनाशिवाय समजला पाहिजे.

नवख्यांची संहिता बहुधा वळणावर फसते, कारण तेथे संगीत बदलते, चेहरे गंभीर होतात, पण प्रेक्षकाची समजूत आहे तशीच राहते. आपल्या उदाहरणात साधारण ४५व्या सेकंदाला ट्यूब उघडतानाच चित्र थांबवून निवेदकाने म्हणावे, ‘गरम पाणी ओघळून गेले, पण त्वचेत शिरलेली उष्णता आत अजून भाजतेच आहे.’ या एका कारणाने पुढचे सगळे उलगडते: वाहते पाणी ती उष्णता काढून घेते, टूथपेस्ट ती काढत नाही आणि शिवाय डॉक्टरांना तपासायची जखमच झाकून टाकते, तर बर्फाने आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी इजा होते. हे वाक्य खोडूनही उरलेली संहिता सुरळीत वाचता येत असेल, तर तिच्यात वळण नाही असे खुशाल समजावे.

भाजलेला भाग हाताच्या पंजापेक्षा मोठा असल्यास रुग्णालयात जावे, ही सूचना गाळता येत नाही. मात्र ती शेवटी घातल्यास दोन आवाहने एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून ती ८०व्या सेकंदाच्या आसपास सांगून मोकळे व्हावे. शेवटची २५ सेकंदे फक्त नळ, हात आणि पुढे सरकणारे घड्याळ यांच्यासाठी राखावीत, कारण २० मिनिटे प्रत्यक्षात किती लांबतात याचा अंदाज केवळ आकड्यावरून येत नाही. संपूर्ण निवेदन २०० ते २२० शब्दांत बसवावे. त्याहून अधिक झाल्यास निवेदक धावू लागतो आणि वळणानंतरचा आवश्यक विराम पहिल्यांदा कापला जातो.

कच्चे संकलन झाले की विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला ते एकदाच दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी विचारावे, ‘भाजले तर काय कराल?’ उत्तर ‘टूथपेस्ट लावणार नाही’ एवढेच आले, तर वळण पोहोचले आहे, आवाहन पोहोचलेले नाही. अशा वेळी मधला भाग न छेडता केवळ शेवटची दृश्ये पुन्हा चित्रित करावीत.