‘एकच ओळ बदललीय’ म्हणणाऱ्यांनो, अपडेट सोडताना या चुका टाळा

अपडेटनंतर जुनं काही मोडलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘पण आम्ही तिथे हातच लावला नव्हता!’ खरं असतं ते. मोडतं ते हात न लावलेलंच, कारण ज्या फंक्शनला तुम्ही हात लावला ते आणखी चार ठिकाणांहून वापरलं जात असतं.

फक्त नवं तेवढंच तपासणं

२२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गोव्यात हॉटेलांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या एका टीमने आदल्या रात्री दरांच्या टेबलात १२ पुसून ५ लिहिलं, सकाळी दोन-चार नवी बिलं काढून पाहिली आणि रिलीज केलं. नवी बिलं अगदी बरोबर होती.

पुढे कळंगुटच्या एका गेस्ट हाऊसमधून फोन आला. चतुर्थीच्या सुट्टीत राहून गेलेल्या पाहुण्याला ऑफिसात द्यायला बिलाची दुसरी प्रत हवी होती. तीन रात्री, रोजचे ४००० रुपये, म्हणजे मूळ रक्कम १२,०००. त्यावर १२ टक्के कर १४४० धरून त्याने १३,४४० भरले होते. नव्या प्रतीवर कर ६०० आणि एकूण १२,६००! मालक विचारत होते, ‘अहो, आता याला ८४० रुपये परत देऊ की काय?’ त्यांच्या अकाउंटंटच्या हाती तर आणखी मोठं कोडं होतं. ऑगस्टच्या विक्रीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, ११ सप्टेंबरच्या मुदतीत भरून झालेलं, आणि आता त्याच ऑगस्टचा रिपोर्ट कमी कर दाखवत होता. बंद झालेल्या महिन्याची बेरीज बदलली की समजायचं, कुठेतरी जुना हिशेब नव्याने होतोय.

झालं होतं असं की बिलात फक्त मूळ रक्कम साठवलेली होती. कर प्रत्येक वेळी `getRate()`वरून नव्याने मोजला जायचा, मग बिल छापायचं असो, क्रेडिट नोट काढायची असो की रिपोर्ट. आणि ते फंक्शन आजचा दर द्यायचं. तीन वर्षं दर हललाच नाही म्हणून चूक दिसली नाही.

दुरुस्ती म्हणजे दराला तारीख जोडणं:

```
SELECT rate FROM tax_rate
WHERE :bill_date >= valid_from
  AND (valid_to IS NULL OR :bill_date <= valid_to)
  AND :room_rent BETWEEN min_rent AND max_rent;
```

शिवाय बिल तयार होतानाच दर आणि कर बिलात लिहून ठेवायचे. छापताना फक्त वाचायचे. जुन्या बिलांत ते आकडे एकदा मागाहून भरावे लागतात, आणि तेव्हा १८ जुलै २०२२ विसरू नका: त्याआधी १००० रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर नव्हता.

लाल टेस्ट हिरवी करून टाकणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वरच्या टीमकडे या चुकीसाठी टेस्ट होती! २८ ऑगस्टचं बिल, अपेक्षित रक्कम १३४४०. बदल केल्यावर ती लाल झाली. घाईतल्या एका नवख्या मुलाला वाटलं, दर बदलला म्हणजे अपेक्षित आकडाही बदलणारच. त्याने १२६०० लिहिलं, टेस्ट हिरवी झाली. कुत्रा भुंकला म्हणून त्याचंच तोंड बांधलं.

माझ्याकडे नियम सोपा आहे. अपेक्षित आकडा आणि कोड एकाच कमिटमध्ये बदलायचे नाहीत, आणि आकडा बदलणाऱ्याने तो कागदावर हाताने काढून दाखवायचा. २८ ऑगस्टच्या बिलाला ५ टक्के लावताना पेन आपोआप थांबतं.

रिकाम्या डेटाबेसवर तपासणं

तिथे जुनं बिलच नसतं, मग मोडणार काय? नाव-फोन पुसलेली खऱ्या डेटाची प्रत घ्या.

एकाच रिलीजमध्ये दर, नवी लायब्ररी आणि नवा स्क्रीन

करू नका. मोडलं तर `git bisect`ने कोणत्या कमिटपासून बिघडलं ते सापडतं, पण सगळं एकाच कमिटमध्ये कोंबलं असेल तर तेही हात टेकतं.

माझी सवय

बदलाआधी `git grep -n "getRate("` चालवते. जितक्या ओळी येतील तितकी ठिकाणं तपासायची. मग निवडक जुनी बिलं, क्रेडिट नोटा आणि बंद महिन्यांचे रिपोर्ट टेक्स्ट फाइलमध्ये काढून ठेवते. अपडेटनंतर तेच पुन्हा काढते आणि:

```
diff -r before after
```

काहीच छापलं नाही तर जुनं जागेवर आहे. बिलाच्या तळाशी छपाईची वेळ येत असेल तर ती आधी गाळा, नाहीतर प्रत्येक फाइल वेगळी दिसेल आणि दोन दिवसांत तुम्ही हा निकाल वाचणंच सोडाल. नवी बिलं वेगळी तपासायची: २१ आणि २२ सप्टेंबरची, ७५०० आणि ७५०१ रुपयांच्या खोल्यांची. २१ आणि २२च्या मधली रात्र धरून राहिलेल्या पाहुण्याचं काय करायचं, हे मात्र टेस्टरने ठरवायचं नाही. ते सीएकडून लेखी घ्या आणि मगच त्याची टेस्ट लिहा.