पैसे कापले, पेमेंट फेल झालं: तक्रार करताना या चुका टाळा

यूपीआयने पैसे भरले, बँकेचा डेबिटचा एसएमएस आला, पण समोरच्याला काहीच मिळालं नाही. अशा वेळी बहुतेक जण लगेच पुन्हा पैसे पाठवतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

का, ते सांगतो. ॲपच्या हिस्ट्रीत तो व्यवहार उघडून स्टेटस नीट वाचा. ‘फेल्ड’ लिहिलेलं असेल तर पैसे तुमच्याच खात्यात परत यायचे असतात. पण ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ दिसत असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही. तुमच्या बँकेने पैसे काढले, पण समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही बँकांचा हिशोब जुळला की ते पैसे परत येऊ शकतात, तसेच उशिराने समोरच्याच्या खात्यात जमाही होऊ शकतात. तोवर तुम्ही दुसऱ्यांदा भरलेले असतील, तर जास्तीची रक्कम बँकेकडून नव्हे, समोरच्याकडून मागत बसावं लागतं. थांबणं शक्यच नसेल तर रोख द्या, पण पहिले पैसे नंतर जमा झाले तर परत करायचे, हे आधीच बोलून ठेवा.

तिसरी शक्यता जास्त फसवी असते. ॲप ‘सक्सेस’ म्हणतं आणि दुकानदार म्हणतो, आले नाहीत. इथे ‘पेमेंट फेल झालं’ हे कारण निवडून तक्रार केली, तर व्यवहार यशस्वी आहे असं उत्तर येऊन ती बंद होण्याचीच शक्यता जास्त. ‘पैसे कापले पण व्यापाऱ्याला मिळाले नाहीत’ अशा अर्थाचा पर्याय शोधा. त्याआधी व्यवहाराच्या तपशिलातला १२ अंकी यूटीआर नंबर दुकानदाराला द्या आणि त्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये तो शोधायला सांगा. साउंडबॉक्स वाजला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं होत नाही.

दिवस मोजण्यातही गडबड होते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात दोन वेगळ्या मुदती आहेत. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे अडकले, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानाला किंवा कंपनीला पैसे भरल्याची पुष्टी तिकडे पोहोचली नाही, तर पाच दिवसांपर्यंत मुदत आहे. मुदत उलटली की दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता खात्यात जमा व्हायला हवी.

समजा, १२ तारखेला दुकानात क्यूआर स्कॅन करून १,८५० रुपये भरले आणि ते अडकले. १२ हा शून्य दिवस, म्हणजे मुदत १७पर्यंत. पैसे २१ला परत आले, तर १८, १९, २० आणि २१ असे चार दिवस उशीर झाला. १,८५० शिवाय ४०० रुपये यायला हवेत. ते दिसले नाहीत तर तक्रारीत ही आकडेमोड सरळ लिहा. नुसतं ‘भरपाई द्या’ म्हणण्यापेक्षा तारखा दिलेल्या बऱ्या.

तक्रार नेहमी त्याच व्यवहाराच्या पानावरून करा. हिस्ट्रीतली ती नोंद उघडली की मदत किंवा तक्रार नोंदवण्याचा पर्याय मिळतो. त्यातून केलेल्या तक्रारीला व्यवहाराचे तपशील आपोआप जोडले जातात. मिळालेला तक्रार क्रमांक आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं मात्र टाळा. भामटे तिथे खोटे नंबर पेरून ठेवतात. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. कोणी पिन टाकायला, स्क्रीन शेअर करायला किंवा ‘रिफंडची रिक्वेस्ट’ मंजूर करायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०वर कळवा.

ॲपकडून नुसतं ‘काम चालू आहे’ येत राहिलं, तर बरेच जण तिथेच महिनाभर घालवतात. पैसे ज्या खात्यातून गेले त्या बँकेकडेही लेखी तक्रार करा, ईमेल चालेल. त्यात यूटीआर, तारीख, रक्कम आणि ॲपचा तक्रार क्रमांक द्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा तिथे मागतात. त्यामुळे शाखेत फक्त तोंडी सांगून आलात, तर ते दिवस धरले जात नाहीत.

आणि तक्रार पुढे नेण्याआधी एकदा बँकेचं पूर्ण स्टेटमेंट बघा. परत आलेले पैसे जुन्या डेबिटच्या ओळीत दिसत नाहीत, त्यांची जमेची वेगळी नोंद होते, आणि ॲपच्या हिस्ट्रीत ती कधी कधी दिसतच नाही.